रात्रीचा खोकला आणि वाढलेले इओसिनोफिल: हत्तीरोगाच्या जंतांमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात छातीच्या ओपीडीत बसलं की एक तक्रार दर थोड्या दिवसांनी कानावर पडते: ‘डॉक्टर, दिवसभर ठीक असतं, पण रात्री दोन वाजले की खोकला सुरू होतो तो पहाटेपर्यंत.’ हातातल्या फायलीत दम्याची औषधं, अँटिबायोटिकचे दोन-तीन कोर्स आणि कुठेतरी मागे पडलेला एक रक्ताचा रिपोर्ट असतो. पुष्कळदा आजाराचं उत्तर त्या रिपोर्टातच असतं. ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलिया हे आजाराचं पूर्ण नाव. रुग्ण त्याला ‘इस्नोफिलिया’ म्हणतात आणि डॉक्टर चिठ्ठीवर टीपीई लिहितात. खालचे प्रश्न रुग्ण आणि त्यांच्या घरचे विचारतात तसेच ठेवले आहेत.

रात्री खोकला येतो, छातीत शिट्टी वाजते. मग हा दमाच ना?

दम्यासारखा वाटतो, हे खरं. टीपीईतही उबळ येते, धाप लागते, छातीत घरघर होते आणि दम्याचा पंप घेतला की थोडा वेळ मोकळं वाटतं. पहिल्या भेटीत डॉक्टरने दमा लिहिला, तर त्यात नवल नाही.

फरक जाणवतो तो मागची हकिकत नीट ऐकली की. दम्याच्या पुष्कळ रुग्णांना लहानपणापासून त्रास असतो, घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जी असते आणि धूळ, थंडी, सर्दी अशी कारणं ते स्वतःच सांगतात. टीपीईचा रुग्ण बहुधा पंधरा ते चाळीस वयाचा असतो, बाईपेक्षा पुरुष जास्त वेळा. ‘चार महिन्यांपूर्वीपर्यंत मला काहीच नव्हतं,’ असं तो सांगतो. खोकला कोरडा किंवा थोड्या चिकट बेडक्याचा असतो आणि साधारण रात्री एक ते पहाटे पाच या वेळात सर्वांत जोर धरतो. सोबत बारीक ताप, अंग मोडून येणं, भूक मंदावणं आणि दोन-चार किलो वजन उतरणं असू शकतं. नुसत्या दम्यात ताप आणि वजन उतरणं सहसा नसतं. त्यामुळे या दोन गोष्टी ऐकल्या की मी थांबतो आणि रक्ताचा रिपोर्ट मागतो.

हत्तीरोगाचा फुप्फुसाशी काय संबंध? माझे पाय तर अगदी बरे आहेत.

हत्तीरोगाचे जंत डासाच्या चावण्यातून शरीरात येतात. आपल्याकडे बहुतेक सगळा हत्तीरोग वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या जंताचा आहे. दोऱ्यासारखे पूर्ण वाढलेले जंत लसिकावाहिन्यांत राहतात, आणि त्यांची मादी असंख्य सूक्ष्म पिल्लं रक्तात सोडते. या पिल्लांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. बहुतेक संसर्ग झालेल्या माणसांचं शरीर या पिल्लांकडे एका अर्थी काणाडोळा करतं. ती रक्तात फिरत राहतात, माणसाला पत्ताही नसतो.

थोड्या लोकांत मात्र उलटं घडतं. त्यांच्या शरीराला ही पिल्लं अजिबात खपत नाहीत. रक्तातून जाताना ती फुप्फुसाच्या बारीक केशवाहिन्यांत अडकतात, त्यांच्यावर प्रतिपिंडं चिकटतात आणि इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने तिथे धाव घेतात. या पेशी जंतांना मारण्यासाठी जी रसायनं सोडतात, तीच फुप्फुसाच्या ऊतींनाही भाजतात. म्हणजे खोकला आणि धाप या शरीराच्या अतिउत्साही प्रतिकाराच्या खुणा आहेत. हत्तीरोगाचा संसर्ग झालेल्यांपैकी शंभरात एकापेक्षाही कमी लोकांना असा त्रास होतो. त्यांच्यातल्या बहुतेकांचे पाय कधी सुजलेले नसतात, अंडकोषात पाणी झालेलं नसतं. म्हणूनच ‘हत्तीरोग’ हा शब्द ऐकला की ते दचकतात.

सोलापूर जिल्हा महाराष्ट्रातल्या हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांत येतो. म्हणून इथे हा विचार डोक्यात ठेवावाच लागतो.

पण रात्रीच का?

या जंताची पिल्लं दिवसा मुख्यतः फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दबून राहतात आणि रात्री बाहेरच्या रक्तात येतात. हत्तीरोग पसरवणारा डास रात्रीच चावतो, त्याच्या वेळेशी जुळलेली ही त्यांची ये-जा आहे. टीपीईतला रात्रीचा जोर या ये-जेशी जोडला जातो, आणि ते स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे. मात्र रात्री वाढणारा खोकला दम्यात, ॲसिडिटीत आणि हृदयाच्या आजारातही असतो, त्यामुळे एकट्या वेळेवरून कुणी निदान करू नये.

रिपोर्टमध्ये इओसिनोफिल १२ टक्के आलेत. म्हणजे झाला का हा आजार?

टक्क्यावरून काहीच ठरवू नका. इथेच सर्वांत जास्त घोळ होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रिपोर्टमध्ये दोन आकडे शोधा: एकूण पांढऱ्या पेशी आणि त्यांच्यातल्या इओसिनोफिलचा टक्का. दोन्हींचा गुणाकार करून शंभरने भागलं की खरी संख्या मिळते. तिला ॲब्सोल्यूट काउंट किंवा एईसी म्हणतात. एकूण पेशी ५,००० आणि इओसिनोफिल १२ टक्के असतील, तर एईसी ६०० होतो. निरोगी माणसात तो साधारण ५०० पर्यंत असतो, म्हणजे ही वाढ किरकोळ आहे. साधी ॲलर्जी, पोटातले जंत, एखादं औषध, काहीही कारण असेल. पण एकूण पेशी २६,००० आणि टक्का तोच १२ असेल, तर एईसी ३,१२० होतो. टक्का सारखा, पण अर्थ पूर्ण वेगळा.

टीपीईमध्ये एईसी ३,००० च्या वर असतो, आणि बहुतेकदा त्याच्याही बराच पुढे जातो. १०,००० किंवा २०,००० असे आकडे या आजारात काही नवलाचे नाहीत. साध्या दम्यात एईसी सहसा १,५०० च्या वर जात नाही. सर्दीच्या ॲलर्जीत वाढलेल्या पेशी पाहून लोक घाबरून येतात आणि ‘इस्नोफिलिया झालाय’ म्हणतात, त्यांतल्या बहुतेकांना टीपीई नसतो.

आकडा कधी घेतला तेही पाहायला हवं. आधी प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड दिलेलं असेल, तर इओसिनोफिल एक-दोन दिवसांतच खाली पडतात. मग रिपोर्ट चक्क बरा दिसतो आणि आजार दडून राहतो. म्हणून स्टेरॉइड सुरू होण्याआधीचा रिपोर्ट जपून ठेवा. तो नसेल, तर औषध बंद झाल्यावर काही दिवसांनी तपासणी पुन्हा करावी लागते.

रात्री बोलावून रक्त घेतलं, जंत सापडला नाही. मग हत्तीरोग नाही, असं झालं ना?

नाही, असं होत नाही. रात्री दहा ते दोनच्या दरम्यान रक्त घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पिल्लं शोधायची, ही हत्तीरोग सर्वेक्षणाची नेहमीची पद्धत आहे. टीपीईच्या रुग्णाच्या रक्तात मात्र ती जवळपास कधीच सापडत नाहीत. शरीराने ती फुप्फुसातच पकडून संपवलेली असतात. रात्रीचा नमुना निगेटिव्ह येणं या आजारात अपेक्षितच आहे.

ती पिल्लं खरोखर फुप्फुसात असतात, हे १९६० मध्ये वेल्लोरच्या डॉक्टरांनी, वेब, जॉब आणि गॉल्ट यांनी, रुग्णांच्या फुप्फुसाच्या, यकृताच्या आणि लसिकाग्रंथींच्या तुकड्यांत दाखवून दिलं. त्याआधी, १९४३ मध्ये वाइनगार्टन यांनी या आजाराला ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ हे नाव दिलं होतं. तेव्हा त्यावर सोमल असलेलं इंजेक्शन वापरत, आणि आजाराचं कारण कुणालाच ठाऊक नव्हतं.

आज निदानासाठी कुणी फुप्फुसाचा तुकडा काढत नाही. रात्रीचा खोकला, हत्तीरोगाच्या भागातलं वास्तव्य, ३,००० च्या वरचा एईसी, ॲलर्जीत आणि जंतांत वाढणारं आयजीई हे प्रतिपिंड रक्तात एकूण १,००० च्या वर, हत्तीरोगाच्या जंताविरुद्धची प्रतिपिंडं वाढलेली आणि हत्तीरोगाच्या जंतांवरच्या डीईसी या औषधाला झटपट प्रतिसाद, एवढ्यावर निदान पक्कं होतं. प्रतिपिंडांची तपासणी सगळीकडे होत नाही, आणि दुसऱ्या काही जंतांमुळेही ती वाढलेली दिसू शकतात. त्यामुळे ती हाताशी नसेल तर उपचार अडत नाहीत.

एक्स-रेमध्ये दोन्ही बाजूंना बारीक डाग आलेत. टीबी आहे म्हणतात.

टीपीईच्या एक्स-रेत मधल्या आणि खालच्या भागात एक ते तीन मिलिमीटरचे बारीक ठिपके आणि जाळीसारख्या रेघा दिसतात. टीबीच्या एका प्रकारात फुप्फुसभर मोहरीएवढे ठिपके पसरतात, आणि दोन्ही एक्स-रे शेजारी ठेवले तर अनुभवी माणूसही क्षणभर अडखळेल. ताप आणि उतरलेलं वजन दोन्हींत असतं. त्यामुळे टीपीईचे काही रुग्ण टीबीची औषधं खाऊन आलेले असतात.

इथे रक्ताचा रिपोर्ट मदतीला येतो. टीबीत इओसिनोफिल इतके वाढत नाहीत. तरीही आपल्याकडे दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर बेडक्याची टीबीसाठी तपासणी व्हायलाच हवी, आणि ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. एईसी वाढलेला दिसला म्हणून ती टाळू नका. एकाच माणसाला दोन्ही आजार असू शकतात. आणखी एक लक्षात ठेवा: टीपीईच्या चार-पाच रुग्णांतल्या एकाचा एक्स-रे अगदी नॉर्मल असतो, म्हणून ‘एक्स-रे चांगला आहे, काही नाही’ हेही पुरेसं उत्तर नाही.

मी पॉवरलूमवर काम करतो. कापसाच्या धुळीमुळे होत असेल ना?

धुळीने खोकला होतो, पण त्याची चाल वेगळी असते. कापसाच्या धुळीचा त्रास सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी जास्त जाणवतो, छाती आवळल्यासारखी होते, आणि कामापासून लांब राहिलं की हलकं वाटतं. विड्या वळणाऱ्या बायकांना तंबाखूच्या भुकटीने खोकला येतो, तोही दिवसा, सुपाजवळ बसलं की. टीपीईचा खोकला कारखान्याची सुट्टी पाळत नाही. धूळ आणि टीपीई एकत्रही असू शकतात, आणि मग बिचारा रुग्ण वर्षभर धुळीलाच दोष देत बसतो.

एखाद्या रुग्णाचा सगळा हिशोब सांगाल का?

सांगतो. हा कुणी एक खरा माणूस नव्हे. नेहमी दिसणाऱ्या रुग्णांवरून रचलेला नमुना आहे, नाव मल्लेशम धरू. वय ३२, वजन ५६ किलो, अक्कलकोट रोडच्या बाजूला टॉवेलच्या कारखान्यात काम, घराच्या मागून उघडं गटार. पाच महिन्यांपासून रात्रीचा खोकला. दोन ठिकाणी दम्याचे पंप मिळाले, एका ठिकाणी धापेचं इंजेक्शन. प्रत्येक वेळी आठवडाभर बरं, मग पुन्हा तेच. वजन तीन किलो उतरलं. बायको म्हणाली, ‘रात्रभर बसून असतात, आम्हालाही झोप नाही.’

तपासताना छातीत दोन्हीकडे घरघर होती. रक्तात एकूण पेशी २४,६००, इओसिनोफिल ५२ टक्के, म्हणजे एईसी १२,७९२. आयजीई ४,३००. एक्स-रेत खालच्या भागात बारीक ठिपके. बेडक्यात टीबी निघाला नाही. रात्रीच्या रक्तात जंत नाही. संडासची तपासणी केली, त्यात दुसऱ्या जंतांची अंडी किंवा अळ्या नव्हत्या.

डायइथाइलकार्बामॅझिन, म्हणजे डीईसी, दिवसाला किलोमागे ६ मिलिग्रॅम या हिशोबाने द्यायचं असतं. ५६ किलोला ३३६ मिलिग्रॅम होतात. ५० मिलिग्रॅमच्या गोळ्यांत ते नेमकं बसत नाही, म्हणून सकाळी १००, दुपारी १०० आणि रात्री १५० अशी विभागणी केली, मिळून ३५०. असे एकवीस दिवस. पहिल्या दोन दिवसांत डोकं जड झालं आणि मळमळलं, पण ते गोळ्या जेवणानंतर घेतल्यावर निभावलं. आठवड्याच्या आत रात्रीचा खोकला जवळपास थांबला. सातव्या दिवशी एकूण पेशी १५,२०० आणि इओसिनोफिल ३४ टक्के, म्हणजे एईसी ५,१६८. कोर्स संपल्यावर पेशी ९,८०० आणि १४ टक्के, म्हणजे १,३७२. तीन महिन्यांनी ८,२०० आणि ५ टक्के, म्हणजे ४१०. आयजीई मात्र सावकाश उतरतं, म्हणून तो आकडा पुन्हा पुन्हा मोजण्यात पैसे घालवू नयेत.

या हिशोबातली एक जागा नीट बघा. सातव्या दिवशी मल्लेशमला बरं वाटत होतं, पण एईसी अजून ५,००० च्या वर होता. याच टप्प्यावर बरेच जण गोळ्या सोडतात. ‘खोकला गेला, आता कशाला,’ असं म्हणून. काही महिन्यांनी तेच रुग्ण पुन्हा ओपीडीत दिसतात.

मी याच हिशोबाने गोळ्या आणून घेऊ का?

नको. वरचा हिशोब समजावा म्हणून दिला आहे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डोस कमी करावा लागतो. गरोदर बाईला हे औषध देत नाहीत, बाळंतपणापर्यंत थांबतात. हृदयाचा किंवा यकृताचा गंभीर आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. शिवाय एईसी वाढण्याची कारणं पुष्कळ आहेत, आणि काहींवर डीईसीचा काही उपयोग नाही.

गोळ्यांचा त्रास काय होतो?

मळमळ, डोकेदुखी, चक्कर, थोडी झोप येणं हे नेहमीचे त्रास. भरल्या पोटी गोळी घेतली की बरेच कमी होतात. सुरुवातीला एखाद-दोन दिवस ताप किंवा अंगदुखी होऊ शकते, जंत मरत असतानाची ती प्रतिक्रिया असते. लूम, करवत किंवा रिक्षा चालवणाऱ्याने पहिले दोन-तीन दिवस चक्कर येते का हे पाहूनच काम करावं. खूप उलट्या, अंगावर गांधी, चेहऱ्यावर सूज किंवा वाढलेली धाप असेल, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा.

पथ्याबद्दल रोज विचारलं जातं. दही, केळी, ताक, शेंगा यांचा या आजाराशी संबंध नाही. आधीच वजन उतरलेल्या माणसाचं जेवण कमी करणं हा उलटा उपाय होईल.

दरवर्षी घरी येऊन देतात त्या हत्तीरोगाच्या गोळ्या मी घेतो. मग हे कसं झालं?

त्या गोळ्यांचा हेतू वेगळा आहे. सामुदायिक औषधोपचार मोहिमेत मोठ्या माणसाला डीईसीचे ३०० मिलिग्रॅम आणि अल्बेंडॅझोलचे ४०० मिलिग्रॅम एकदाच देतात. त्याने रक्तातली पिल्लं कमी होतात, आणि डासांमार्फत पसरणं घटतं. टीपीई झालेल्या माणसाला एका दिवसाचा हा डोस अपुरा आहे, त्याला एकवीस दिवस लागतात. मोहिमेतली गोळी घेऊन दोन दिवस खोकला कमी झाला, असं कुणी सांगितलं तर मी ती खूण समजतो आणि एईसी करून बघायला सांगतो.

या मोहिमेत गोळ्या समोर उभं राहून खायच्या असतात. पुष्कळ घरांत त्या मागून घेतल्या जातात आणि डब्यात पडून राहतात. मग ‘आम्ही घेतल्या होत्या’ या वाक्याला काय अर्थ उरतो, हे तुम्हीच ठरवा.

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी चटकन बरं वाटतं. त्याच चालू ठेवल्या तर?

बरं वाटतं, कारण स्टेरॉइड इओसिनोफिलना दाबतं. पण जंत जिवंतच राहतो, आणि गोळी थांबली की खोकला परत येतो. याहून मोठा धोका दुसऱ्या एका जंताचा आहे. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा हा जंत मातीतून अनवाणी पायांच्या कातडीतून शिरतो आणि इओसिनोफिल वाढवतो. तो अंगात असताना स्टेरॉइड दिलं, तर त्याच्या अळ्या शरीरभर पसरून जिवावर बेतू शकतं. म्हणून शेतात अनवाणी काम करणाऱ्या, एईसी वाढलेल्या माणसाला आधी संडास तपासल्याशिवाय स्टेरॉइड देणं धाडसाचं आहे. टीपीईत धाप फार असेल तर काही दिवस स्टेरॉइडची जोड देतात, पण डीईसीसोबत, आणि तेही हे सगळं पाहिल्यावर.

पूर्ण कोर्स केला तरी खोकला गेला नाही. आता काय?

आधी पाहायचं की कोर्स खरोखर पूर्ण झाला का आणि डोस वजनाप्रमाणे होता का. दिवसाला एकच ५० मिलिग्रॅमची गोळी घेतलेलेही भेटतात. ते सगळं बरोबर असेल आणि एईसी मुळीच हलला नसेल, तर निदानाचाच पुन्हा विचार करावा लागतो. दम्यासोबत फुप्फुसात वाढणाऱ्या ॲस्परजिलस बुरशीची ॲलर्जी, स्ट्राँगिलॉइडिस, एखाद्या औषधाची प्रतिक्रिया, रक्तवाहिन्यांचा दाह आणि क्वचित रक्ताचाच आजार, ही कारणं तपासायची. नाकातून रक्त येणं, हातापायाला मुंग्या, अंगावर लालसर पुरळ किंवा मोठी प्लीहा असेल तर वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात दाखवा. सोलापुरात त्यासाठी सिव्हिल हॉस्पिटल आहे, वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं, आणि तिथे छातीचा आणि मेडिसिनचा विभाग दोन्ही आहेत.

एईसी उतरला, पण खोकला किंवा धाप थोडी उरली, असं असेल तर बात वेगळी. तिथे फुप्फुसाची क्षमता मोजणारी तपासणी करतात. टीपीईत फुप्फुस आकुंचन पावल्यासारखं कमी हवा घेतं, आणि सुरुवातीच्या काळात श्वासनळ्याही आवळलेल्या असतात.

हा पुन्हा होतो का? फुप्फुसं कायमची खराब होतात का?

पुन्हा होऊ शकतो. पाच वर्षांत पाचांतल्या एका रुग्णाला तो उलटतो, असं साधारण मानलं जातं. तेव्हा डीईसी परत द्यावं लागतं, कधी आधीपेक्षा जास्त डोसमध्ये आणि जास्त दिवस. एकवीस दिवसांत पूर्ण वाढलेले सगळेच जंत मरतात, असं नाही, आणि नवे डासही चावत राहतातच.

फुप्फुसाचं नुकसान होतं ते आजार महिनोन्‌महिने आणि वर्षानुवर्षे तसाच ठेवल्यास. सूज राहून राहून ऊती घट्ट आणि चरबट होतात, आणि त्या पुन्हा लवचीक होत नाहीत. लवकर उपचार झाला तर बहुतेकांचं फुप्फुस चांगलं सुधारतं. काहींत मात्र खोकला गेल्यावरही आत मंद दाह राहतो. म्हणून कोर्स संपल्यावर, मग तीन महिन्यांनी, आणि पुढे वर्षभरात एखाद-दुसऱ्या वेळी एईसी बघून घ्यावा. साधा सीबीसी लागतो, महागडी तपासणी नाही.

घरच्यांना लागेल का? भांडी वेगळी ठेवू का?

मुळीच नाही. हा आजार खोकल्यातून, थुंकीतून, ताटातून पसरत नाही. टीपीईच्या रुग्णाच्या रक्तात पिल्लं जवळपास नसतात, त्यामुळे त्याला चावलेला डासही सहसा पुढे संसर्ग नेत नाही. पण रुग्णाला जिथे डास चावले, तिथेच त्याचे घरचे झोपतात. म्हणून घरात कुणाला पाय सुजणं, अंडकोषात पाणी किंवा असाच रात्रीचा खोकला असेल तर तपासणी करून घ्या. लहान मुलांत या आजारात कधी मानेच्या गाठी आणि यकृत वाढलेलं दिसतं.

आमच्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, पिंपं भरून ठेवावी लागतात. त्यामुळे हत्तीरोगाचे डास होतात का?

पिंपात होतात ते डेंग्यूचे डास, स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढणारे. हत्तीरोगाचा क्युलेक्स डास घाण पाण्याला चटावलेला असतो: तुंबलेली गटारं, उघडी सेप्टिक टाकी, मोरीचं साचलेलं पाणी. म्हणून पिंपं झाकून आणि आठवड्याला कोरडी करून डेंग्यू टळेल, हत्तीरोग नाही. त्यासाठी गटार वाहतं ठेवणं, सेप्टिक टाकीच्या हवेच्या पाइपाला बारीक जाळी बांधणं आणि रात्री मच्छरदाणीत झोपणं यांचा उपयोग होतो. उन्हाळ्यात माणसं गच्चीवर उघड्यावर झोपतात, तेव्हा मच्छरदाणी वरच न्या.

एखादा डास चावला आणि हत्तीरोग झाला, असं सहसा होत नाही. तो बसायला वर्षानुवर्षे पुष्कळ चावे लागतात. त्यामुळे पाहुणे म्हणून चार दिवस राहून गेलेल्यांनी घाबरू नये.

डॉक्टरांकडे जाताना काय घेऊन जाऊ?

रक्ताचे जुने सगळे रिपोर्ट, विशेषतः खोकला सुरू झाल्यानंतरचा पहिला सीबीसी. घेतलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, रिकाम्या असल्या तरी, कारण त्यांत स्टेरॉइड होतं का हे पट्टीवरूनच कळतं. सगळे एक्स-रे, जुने आणि नवे दोन्ही. रात्री किती वाजता जाग येते, किती वेळ उबळ चालते आणि ती बसून ओसरते की पाणी पिऊन, हे दोन-तीन रात्री कागदावर लिहून ठेवा. धाप इतकी वाढली की एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात किंवा थुंकीत रक्त पडतं, तर कागद-रिपोर्टांची वाट न बघता सरळ अपघात विभागात जा.